सुरात लावलेलं चाक

माझा कान चांगला आहे असं आमच्या गावात सगळेच म्हणतात, आणि मीही ते कधी नाकारलं नाही. भजन मंडळात वीस वर्षं पेटी वाजवतो. गाणारा अर्धा सूर जरी उतरला तरी मी मान वर करून त्याच्याकडे असं पाहतो की तो पुढची ओळ तोंडातल्या तोंडात म्हणतो. संत्र्याच्या बागेत आणि कपाशीत मला कोणी फारसं विचारत नाही, पण सुराच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. या कानापायी माझ्या पोरीची शाळा जाता जाता राहिली. ते कसं झालं हे तेव्हा मला कळलं नाही, आणि सगळं कळल्यावरही बरेच दिवस मी गोंधळलेलाच होतो.

आमच्या गावात शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिकायचं तर सौंसरला, सात किलोमीटर. बस आहे, पण ती शाळेच्या वेळेशी कधी जुळत नाही. म्हणून पोरगी सायकलनं जायची. अकरावीला नाव घातलं त्या दिवशी मी तिला एक अट घातली होती. मी तापट माणूस आहे, अटी पटकन घालतो. शेजारच्या एका मुलीची सायकल रस्त्यात बिघडली होती, ती अंधार पडल्यावर पायी घरी आली आणि गावानं आठ दिवस त्याचीच चर्चा केली. मला ती चर्चा माझ्या दारात नको होती. मी पोरीला म्हणालो, "ज्या दिवशी सायकल बिघडून तुले घरी याले अंधार झाला, त्या दिवशी शाळा बंद. मग घरी बसून परायवेट परीक्षा दे." ती "हाव" म्हणाली. बायकोनं भाजीचं पातेलं जरा जोरात आपटलं.

म्हणजे सायकल धड राहणं हीच शाळेची हमी होती. ती धड ठेवायची जबाबदारी मी आपल्या अंगावर घेतली, कारण अट माझी होती आणि मला वाटत होतं की मी न्यायाचा माणूस आहे.

सौंसरच्या बस स्टँडजवळ एक सायकलवाला आहे. वय साठीचं, दाढी पांढरी, बोटं ग्रीसनं कायमची काळी. दिवाळीच्या आधी सायकल त्याच्याकडं नेली होती तेव्हा त्यानं मला तारा तपासायला शिकवलं. स्पोक म्हणतात त्याला, पण आमच्याकडं तारा. सायकल उलटी करायची. शेजारच्या दोन तारा चिमटीत धरून एकमेकींकडं दाबायच्या. सगळ्या जोड्या सारख्याच ताठ लागल्या पाहिजेत. एखादी बोटाखाली लवली तर ती ढिली. मग नखानं रिमच्या जवळ टिचकी मारायची, तारा एकमेकींवरून जातात तिथं नाही, कारण तिथं एक दुसरीला टेकलेली असते आणि आवाज दबतो. घट्ट तार टणकन वाजते. ढिली तार थड्ड करून गप्प बसते.

"एखाददुसरी ढिली असली तर तुमीच कसा," तो म्हणाला होता. त्यानं मला एक गोल चकतीसारखी चाबी दिली, कडेला खाचा असलेली. "पाव फेरा. लय झालं त अर्धा. मंग चाक फिरवून पाहा. ब्रेकच्या रबरापासून रिम सारखी दूर चालली पाहिजे. चाक डोलून राहिलं, दोन-तीन तारा कसून बी थांबून नाही राहिलं, त हात लावू नका जी. माह्याकडं आणा. त्याचा आउट, म्हंजे वाकडेपणा, काढा लागते, थे घरचं काम नोहे."

हे सगळं मी ऐकलं. पण टणकन वाजते एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

डिसेंबरात एक दिवस पोरगी म्हणाली, "बाबा, मागचं चाक ब्रेकला घासते. एका जागी सर्र करते." रस्त्यावर संत्र्याच्या गाड्यांनी खड्डे करून ठेवले होते, त्यातल्या एकात ती आदळली होती. मी लगेच अंगणात सायकल उलटी केली. दाबून पाहिलं, दोन तारा खरंच लवत होत्या. वाजवल्या, थड्ड, थड्ड. चाबी लावली, पाव-पाव फेरा कसल्या. घासणं बंद झालं नाही, पण कमी झालं. इथं थांबायला हवं होतं. सायकलवाला शहाणा माणूस, त्यानं हेच सांगितलं होतं.

पण मी बाकीच्याही वाजवल्या. मागच्या चाकाला छत्तीस तारा, अठरा उजवीकडं आणि अठरा डावीकडं. आणि मला जे ऐकू आलं त्यानं माझं डोकंच फिरलं. उजवीकडच्या, म्हणजे साखळीच्या बाजूच्या तारा वरच्या सुरात होत्या आणि डावीकडच्या खालच्या. मी घरातून पेटी आणली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आता सायकलीची आरती करता काय?"

"तू गप राहाय. हे चाक बेसूर आहे."

पेटीवर लावून पाहिलं. उजव्या तारा पांढरी चार, डाव्या साधारण काळी दोन. एका चाकात दोन सूर! मला वाटलं, डोलण्याचं कारण सापडलं. ज्यानं चाक बांधलं त्याला कान नव्हता, आणि सायकलवाल्याला कान असता तर तो सायकलवाला कशाला झाला असता? मी डाव्या बाजूच्या अठराही तारा एकेक करून कसायला बसलो.

खरा गोंधळ तिथून सुरू झाला. डाव्या तारा वर चढवल्या तर उजव्या आपोआप आणखी वर चढायच्या. मी त्यांना हातही लावला नव्हता! पेटीत असं होत नाही. एक सूर लावला म्हणून शेजारचा हलत नाही. मी पुन्हा डाव्या चढवल्या, उजव्या पुन्हा वर. शेवटी उजव्या थोड्या उतरवल्या, डाव्या थोड्या चढवल्या, आणि दीड तासानं छत्तीसच्या छत्तीस तारा पांढरी चारवर आणल्या. मी चाकावर सगळीकडून टिचक्या मारल्या. एकच सूर. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून ऐकवलं. पोरगी तिथंच उभी होती. तिलाही ऐकवलं. "पाह्य," मी म्हणालो, "आता हे चाक चाक वाटून राहिलं." ती हसली.

मग फिरवून पाहिलं. रिम सगळीच्या सगळी डावीकडं सरकली होती आणि शिवाय एका जागी पहिल्यापेक्षा जास्त डोलत होती. डाव्या ब्रेकचं रबर सर्रकन घासत होतं. मी चक्रावलो. सूर बरोबर आणि चाक वाकडं, असं कसं होईल? मी ठरवलं की दोष चाकात नाही, ब्रेकमध्ये आहे. ब्रेक वाकवून बाजूला केला. मागचा आस फ्रेमच्या खाचेत थोडा तिरपा करून टायर मधोमध आणलं. वरून पाहिलं तर ठीक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी वेळेवर आली. "चाक कसं चालते?" मी विचारलं. "चांगलं चालते जी." मी टिचकी मारली आणि माझा चेहरा उतरला. डाव्या तारा पुन्हा खाली. काळी दोनवर नाही, पण त्याच्या आसपास. ब्रेकही जागेवर आलेला.

मी पुन्हा पेटी काढली. पुन्हा चढवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

पंधरा-वीस दिवस हे चाललं. रोज नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी. मी संध्याकाळी सूर चढवायचो आणि दिवसभरात तो उतरायचा. मला काही केल्या उलगडेना. मंडळातल्या तबलजीला विचारलं. तो म्हणाला, "थंडी हाये ना जी. माह्या तबल्याची वादी बी ढिली पडून राहिली." ते मला पटलं, दोन दिवस. मग वाटलं, थंडीनं उजव्या का उतरत नाहीत? मग वाटलं निप्पल घसरत असतील, म्हणजे तारेच्या टोकाला ज्या बारीक नळ्या असतात त्या. मग वाटलं पेटीचाच सूर हलला. पेटी उघडून सगळे सूर साफ केले. एकदा तर वाटलं, माझाच कान गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याकडं दुसरं आहे काय? बायको म्हणाली, "चाकाले सोडा आता. लेकरू जाऊन तं राहिलं." मी तिच्यावर ओरडलो. माझं म्हणणं होतं की मी हे पोरीच्या शाळेसाठी करतो आहे, आणि ते खरंच होतं. निदान मला तसंच वाटत होतं.

पोरगी त्या दिवसांत सकाळी लवकर निघायला लागली. "एक्स्ट्रा क्लास आहे," म्हणायची. मला बरं वाटलं, अभ्यासाला लागली म्हणून.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती वेळेवर आली नाही. सूर्य बागेमागं गेला. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. अंधार पडला. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि कोणतं जास्त आहे हे मला सांगता आलं नसतं. मग ती दिसली. सायकलचं मागचं टोक हातानं उचलून, पुढच्या चाकावर ढकलत ती येत होती. मागचं चाक फिरतच नव्हतं, फ्रेमला जाऊन अडकलं होतं. जवळ आल्यावर दिसलं, एक तार चाकाच्या मधल्या हबापाशी, जिथं ती वाकलेली असते तिथं, तुटून लोंबत होती. पोरीच्या हातांना वळ पडले होते.

माझी अट आम्हा दोघांना पाठ होती. सायकल मी उचलून घेतली आणि घरापर्यंत आणली. जेवताना ती ताटाकडं पाहत होती. बायको माझ्याकडं पाहत होती.

"उद्या दुकानात चाल," मी म्हणालो. "पाहून घेऊ कोणाची चूक आहे." मला खरोखरच वाटत होतं की तिथं जाऊन त्या सायकलवाल्याला चार शब्द सुनवायचे. हे चाक बांधलंच चुकीचं, हे सिद्ध करायचं, आणि मग शाळेचं काय ते ठरवायचं.

रविवार होता, पण दुकान उघडं होतं. मी सायकल टेकवली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात सायकलवाल्यानं माझ्या मागं पाहिलं आणि हसला.

"आली माय माझी! आज बाबाले घेऊन आली काय? बरं केलं. तुले म्हटलं होतं ना, हे तुटन म्हणून?"

मी पोरीकडं वळलो. तिनं मान खाली घातली.

"तुम्ही ओळखता इले?" मी विचारलं.

"ओळखतो म्हणजे? दोन-दोन दिवसाले येते. दुकान उघडाच्या आधी पायरीवर बसून राहते." त्यानं चाकाला हात लावला. "कोणीतरी डाव्या तारा कसून देते, रिम डावीकडं जाते. म्या ढिल्या करून, ब्रेक सरळ करून देतो, दहा मिनिटात. शाळेपुरती. पोरीले म्हटलं, असं नाही चालत, चाक ठेवून जा, उद्या घेऊन जाशीन. त म्हणे नाही काका, सायकल घरी न्याच लागते. कोण कसते इचारलं त सांगत नाही."

मला काही क्षण काहीच समजलं नाही. आणि मग सगळं एकदम समजलं. थंडी नव्हती, निप्पल नव्हते, पेटी नव्हती. सकाळी एक माणूस उतरवत होता, संध्याकाळी मी चढवत होतो, आणि मधल्या सात किलोमीटरांत माझी पोरगी एकटी ते चाक चालवत होती.

"मीच कसतो," मी म्हणालो.

तो चकित झाला, पण चांगला माणूस, हसला नाही. त्यानं चाक काढलं, टायर-ट्यूब उतरवली आणि जमिनीत उलट्या रोवलेल्या एका जुन्या सायकलच्या चिमट्यात ते बसवलं. फिरवलं. खडू रिमच्या जवळ धरला. चाक जिथं बाहेर येत होतं तिथं खडूची रेघ उमटली. मग खडू वरच्या बाजूनं धरला, तिथंही एका जागी चाक वर उचलत होतं.

"पाहा. आडवं बी डोलते, उभं बी उडते. असं दिसलं का घरी हात लावाचा नाही." त्यानं एक सरळ पट्टी रिमला लावून दाखवली. त्या जागी पट्टीखाली फट होती. "हे जागा वाकली आहे. खड्ड्यात दणका बसला. लोखंडच वाकलं त इथल्या तारा कमी-जास्त ठेवूनच चाक सरळ चालवा लागते. तुम्ही सगळ्यायले सारखं केलं."

"एका सुरात आणलं," मी म्हणालो.

"हाव. म्हणून वाकडेपणा बाहेर आला. आन साखळीकडच्या तारा घट्टच राहतात जी. तिकडं हबावर फ्रीव्हील असते, तारा उभ्या बसतात. डाव्या जराशा पसरून बसतात, म्हणून त्या कमी ताणाच्या. एका बाजूच्या तारा आपसात सारख्या वाजल्या पाहिजेत. दोन्ही बाजू सारख्या वाजल्या त समजा चाक एकीकडं गेलं."

एवढं साधं होतं. वीस वर्षांचा माझा कान, आणि त्याला डावं-उजवं कळलं नाही. मी त्याला विचारलं, "किती वेळ लागंन?"

"संध्याकाळपर्यंत. तार बदलतो, काही निप्पलचे कोपरे चाबीनं झिजले, ते नवे टाकतो. वाकलेली जागा आधी लाकडी हातोडीनं सावकाश सरळ करा लागन. मंग सगळ्या ढिल्या करून पहिल्यापासून. उद्या शाळा आहे ना तिची? आजच करून देतो."

पोरगी इतका वेळ दुकानाच्या कडेला उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. मला राग यायला हवा होता, कारण तिनं मला पंधरा दिवस फसवलं होतं. पण राग येत नव्हता, आणि काय येत होतं तेही मला नीट सांगता येत नाही.

"मले काहून नाही सांगितलं?"

ती पायानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही किती खुश होते जी बाबा, वाजवून. आन सांगितलं असतं का चाक खराब हाये, तर शाळा बंद झाली असती. दोन्ही राहावं वाटलं मले."

मी तिच्या हातांवरचे वळ पाहिले. सायकलवाला पाठमोरा होऊन उगाचच एका डब्यात तारा शोधत होता.

"शाळा बंद नाही होत," मी म्हणालो.

"काल अंधार झाला होता."

"झाला त झाला."

"आन पुन्हा बिघडली त?"

"बिघडली त म्या घ्याले येईन. शाळा बंद नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं. संध्याकाळी चाक झालं. सायकलवाल्यानं तिला ते फिरवून दाखवलं, रिम रबराच्या मधोमध गप फिरत होती. त्यानं मला विचारलं, वाजवून पाहता का? मी नको म्हटलं.

परत येताना मी सायकल चालवत होतो आणि ती मागं कॅरिअरवर बसली होती. लोधीखेड्याचा रस्ता सुटल्यावर तिनं मागून विचारलं, "खरंच बंद नाही ना जी?" मी नाही म्हटलं. जेवताना तिनं आईच्या देखत पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. सोमवारी सकाळी दप्तर अडकवून, सायकल दारात उभी करून ती परत आत आली, मी आंघोळीला निघालो होतो तिथं थांबली आणि तिनं पुन्हा तेच विचारलं.